चोवीस तासांचा कॅन आला की आधी क्रिएटिनिन बघ

प्रोटीनचा आकडा कळवण्याआधी कॅनमधली लघवी खरंच पूर्ण आहे का, हे तपासायची सवय लाव. कॅन नीट हलवून एकूण माप घे, मगच नमुना काढ.

समज, ६० किलोचा तरुण पुरुष आहे. लघवी ११०० मिली, प्रोटीन ९० मिग्रॅ/डेसीलिटर. ११०० मिली म्हणजे ११ डेसीलिटर, म्हणून ९० × ११ = ९९० मिग्रॅ. क्रिएटिनिन ६० आलं, तर ६० × ११ = ६६० मिग्रॅ. अशा पुरुषात किलोमागे साधारण १५ ते २५ मिग्रॅ, म्हणजे निदान ९०० तरी हवं. (म्हातारी, हडकुळी माणसं मात्र कमीच देतात.) इथे लघवी सांडली किंवा संडासात गेली, हाच पहिला संशय. पण ९० ÷ ६० = १.५ हे गुणोत्तर त्यामुळे फारसं बिघडत नाही; खरं प्रोटीन दीड ग्रॅमच्या आसपास असावं.

उलट चूकही होते. सकाळची पहिली लघवी टाकून वेळ लिहायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची कॅनमध्ये घ्यायची. पेशंट दोन्ही भरतात, मग सगळंच फुगतं. कॅन देताना हे त्यांच्याकडून वदवून घे.

एसीआरमध्ये घोळ एककांचा. अल्ब्युमिन ४५ मिग्रॅ/लिटर, क्रिएटिनिन ९० मिग्रॅ/डेसीलिटर असेल तर ४५ ÷ ९० करू नकोस. ९० म्हणजे ०.९ ग्रॅम/लिटर, उत्तर ५० मिग्रॅ/ग्रॅम. तीसच्या वर, म्हणजे वाढलेलं. ताप किंवा पाळी असेल तर नंतर पुन्हा सकाळचा नमुना माग.