रोकड गल्ल्यातून जाते, वॉलेटमध्ये साचते

प्रश्न: खटाव तालुक्यात माझं किराणा दुकान आहे. आधारवर पैसे काढून देणं आणि रिचार्ज सुरू करायचं म्हणतोय. कमिशन किती सुटतं आणि पैसा कुठं अडकतो?

कमिशन बारीक आहे, हे आधी धरून चाला. ३,००० रुपये काढून दिले तर हातात साधारण पाच-दहा रुपये येतात. कंपनीगणिक दर बदलतो, म्हणून कंपनीकडून एजंटचा आयडी घेण्याआधी दरपत्रक मागा. गिऱ्हाइकाकडून वरचे दहा-वीस घेऊ नका, एजंटला तशी परवानगी नाही. रिचार्जवर २ टक्के धरले तर ३४९ च्या पॅकवर सात रुपये. एकाची उधारी बुडाली की पन्नास रिचार्जची कमाई गेली. त्यामुळं रिचार्ज रोखीनंच, आणि नंबर मोठ्यानं वाचून मगच बटण दाबा. चुकीच्या नंबरवर गेलेला रिचार्ज सहसा परत मिळत नाही.

खरा धोका पैसे काढून देण्यात आहे. तुम्ही गल्ल्यातून नोटा देता आणि तेवढी रक्कम कंपनीच्या ॲपमधल्या तुमच्या वॉलेटमध्ये जमा होते. समजा सकाळी गल्ल्यात २५,००० आणि वॉलेटमध्ये १५,००० आहेत. दिवसभरात १८,००० काढून दिले, एकाकडून ५,००० रोख घेऊन दुसऱ्याच्या खात्यावर पाठवले, एक ३४९ चा रिचार्ज केला. संध्याकाळी गल्ल्यात १२,३४९ आणि वॉलेटमध्ये २७,६५१ दिसायला हवेत. बेरीज सकाळसारखीच ४०,०००, वर कमिशन. या कामाचा गल्ला किराण्यापासून वेगळा ठेवला तरच ही बेरीज जुळते. दोन हजार कमी भरले तर त्याच रात्री व्यवहारांची यादी उघडा. बहुधा एखादा व्यवहार पेंडिंग सापडेल, ज्याचे पैसे तुम्ही देऊन बसलात.

ते असं होतं. रेंज जाते, पडदा फिरत राहतो, गिऱ्हाइकाला खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज येतो आणि मावशी म्हणतात, "कापले की, दे आता." देऊ नका. त्यांच्या मेसेजवर नाही, तुमच्या वॉलेटची शिल्लक वाढली का त्यावर विश्वास ठेवा. लगेच दुसरा अंगठाही घेऊ नका, दोनदा कापले जाऊ शकतात. आधी स्टेटस बघा, मग त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक म्हणजे आरआरएन नंबर आणि वेळ लिहिलेली पावती त्यांच्या हातात द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत फिरवायची असते, पुढं उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे शांतपणे सांगितलं की माणसं ऐकतात. मी दुकानात हा नियम मोठ्या अक्षरात चिकटवलाय.

आणखी एक अडचण दर महिन्याला येते. लाडकी बहीण, पीएम-किसान किंवा उसाचं बिल जमा झालं की सगळं गाव एकाच सकाळी येतं. गल्ला दुपारीच रिकामा होतो, वॉलेट फुगतं, आणि वॉलेटचे पैसे खात्यात वळवून वडूजच्या शाखेतून रोकड आणायला अर्धा दिवस जातो. त्यात दुसरा-चौथा शनिवार आला तर सोमवारपर्यंत हात बांधलेले. अशा आठवड्यात शुक्रवारीच रोकड आणून ठेवा, आणि कुणाला जास्त रक्कम हवी असेल तर "अर्धे आज, अर्धे सोमवारी" असं आधीच ठरवून घ्या. ४०,००० भांडवल रोजच्या कामाला पुरेल. हप्त्याच्या दिवशी मात्र ते पुरणार नाही.