काजूचं मशीन लीजवर की विकत? आधी दर नीट धर

अरे भावा, वेंगुर्ल्यात काजूचा कारखाना टाकतोयस ना, मग लीजचा हप्ता कर्जाच्या ईएमआयशेजारी ठेवून कुठला कमी ते बघू नकोस, तिथेच बहुतेक फसतात.

तुझेच आकडे घेऊया. मशीन 10 लाख, कर्ज 12 टक्क्यांनी, फर्मचा टॅक्स 30 टक्के. व्याजावर टॅक्स वाचतो म्हणून कर्ज खरं पडतं 8.4 टक्क्याला, आणि सगळे आकडे याच दराने आजच्या किमतीत आणायचे.

लीज: वर्षाअखेर 2.60 लाख, टॅक्स वाचून 1.82, पाच वर्षांचे मिळून आज साधारण 7.19 लाख.

विकत: 10 लाख, त्यातून दरवर्षी उरलेल्या किमतीवर 15 टक्के घसाऱ्यामुळे पाच वर्षांत वाचणारा टॅक्स आजचा 1.35 लाख वजा, शेवटी मशीन 3 लाखाला गेलं तर त्याचे आजचे 2 लाख वजा. राहिले 6.65 लाख. म्हणजे घेणं स्वस्त.

आता गंमत बघ, हेच 12 टक्क्यांनी केलंस तर लीज 6.56 आणि विकत 7.05, निकाल उलटाच! मी पहिल्या मशीनला हेच केलं आणि लीजवर सही करून बसलो.

आणि व्याज वेगळं धरू नकोस हां, ते दरातच आलंय, नाहीतर दोनदा मोजलं जातं. पहिली दोन-तीन वर्षं तोटाच दिसत असेल तर टॅक्स वाचतच नाही, तेव्हा गणित परत मांड. जीएसटी, विक्रीवरचा टॅक्स नंतर बघू.

3 लाखाचा आकडा मात्र जुनी मशीनं घेणाऱ्याला विचारूनच धर, खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं.