गाऊनिंगच्या मराठी मसुद्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

गाऊनिंगच्या, म्हणजे क्लीनरूममध्ये जाण्याआधी हुड-सूट चढवण्याच्या कार्यपद्धतीचा तू इंग्रजीवरून केलेला मसुदा वाचला. भाषा शुद्ध आहे, पण तो वाचून सूट चढवायला गेलेला माणूस काही ठिकाणी अडेल. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी 'निर्जंतुक' हा शब्द सगळीकडून काढ. तो हॉस्पिटलचा शब्द आहे. चिप बनवणाऱ्या क्लीनरूमला धास्ती असते ती कणांची आणि क्षारांची. आयएसओ क्लास 5 च्या खोलीत 0.5 मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण घनमीटरमागे 3,520 पेक्षा जास्त चालत नाहीत आणि माणसाच्या अंगावरून त्वचेचे कण सारखे झडतच असतात. घामातलं सोडियम सिलिकॉनच्या वेफरवरच्या ऑक्साइडच्या थरात शिरलं, तर त्याचे आयन विद्युतक्षेत्रात सरकतात आणि ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला चालू व्हायला हवा तेच बदलतं. 'हात निर्जंतुक करा' असं वाचलेला कामगार सॅनिटायझर चोळेल आणि काम झालं असं समजेल. सॅनिटायझरने जंतू मरतील, पण कातडी झडायची थांबणार नाही. उलट त्यातलं ग्लिसरीन हातावर राहील आणि ग्लोव्हला लागेल. तिथे सरळ लिही: 'हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका.'

आता सगळ्यात अवघड पायरी, हुड आणि सूटची. तू लिहिलं आहेस: 'हुडचा खालचा भाग सूटमध्ये समाविष्ट असल्याची खात्री केल्यानंतर झिप बंद करण्यात यावी.' इथे कोण, कधी, कोणत्या हाताने, काहीच कळत नाही. ही पायरी कशासाठी आहे ते आधी डोक्यात पक्कं कर. माणूस वाकला, बसला की सूटमधली हवा दाबली जाते आणि गळ्यातून, मनगटातून, घोट्यातून कण घेऊन बाहेर पडते. म्हणून प्रत्येक फट झाकायची: हुडची झालर सूटच्या कॉलरच्या आत, सूटचे पाय बुटांच्या आत, बाहीचं टोक ग्लोव्हच्या आत. आत काय आणि बाहेर काय हे उलटं झालं, तर सगळे कपडे अंगावर असूनही फट उघडीच राहते.

हेच मी असं लिहिलं असतं:

'हुड घाला. केस आणि कान पूर्ण आत गेले का ते आरशात पाहा. सूटच्या बाह्या आणि पाय गोळा करून हातात धरा; सूटचा कुठलाही भाग जमिनीला लागू देऊ नका. आधी पाय घाला, मग हात. हुडची झालर खांद्यांवर सपाट पसरा. सूटची कॉलर झालरीच्या वरून ओढा. आता झिप गळ्यापर्यंत लावा.'

वाक्यांची संख्या वाढली, ते ठीकच आहे. एका वाक्यात हाताची एकच हालचाल, आणि ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने. मूळ इंग्रजीत 'अमुक करण्यापूर्वी तमुक' असतं तिथे तमुक आधी लिहून मोकळं व्हावं. कामगार वाचता वाचता करत असतो, तो वाक्याच्या शेवटापर्यंत थांबत नाही.

'करावे' या रूपाबद्दलही सांगायला हवं. मूळ दस्तऐवजात सक्ती आणि शिफारस यांच्यासाठी वेगळी क्रियापदं आहेत, तू दोन्हीकडे 'करावे' वापरलं आहेस. वाचणाऱ्याला 'ग्लोव्ह फाटल्यास बदलावा' हा सल्ला वाटतो. सक्ती असेल तिथे 'बदलाच' किंवा 'बदललाच पाहिजे', शिफारस असेल तिथे 'शक्यतो'. आणि ग्लोव्ह फाटला तर पुढे काय, तेही त्याच ओळीत हवं: हात वेफरपासून दूर घ्या, सुपरवायझरला सांगा, गाऊनिंग रूममध्ये जाऊन बदला. अर्थात हे पुढचं प्लांटच्या मूळ पद्धतीत असेल तसंच घे, मनाने भरू नकोस.

रॅकवर आणि डब्यांवर जी नावं आहेत तीच ठेव. 'शिरस्त्राण' लिहिलंस, तर कामगार रॅकवर हुड शोधायला थांबेल. हुड, सूट, ग्लोव्ह, बेंच, एअर शॉवर हेच शब्द कामगार रोज बोलतात.

मसुदा तपासायला इंग्रजी न येणारा एखादा नवा कामगार गाठ. तू वाचून दाखव, त्याला प्रत्यक्ष सूट चढवू दे आणि मध्ये काहीही समजावू नकोस. तो कुठे थबकतो, कुठे तुझ्याकडे बघतो, तिथे खूण कर. अलीकडची आणि स्वच्छ बाजू वेगळी करणारा बेंच ओलांडण्याच्या पायरीवर खास लक्ष ठेव: बूट चढवलेला पाय स्वच्छ बाजूला, दुसरा अजून अलीकडेच, हे शब्दांत सांगायला कठीण आहे. तिथे चित्र टाक.

भिंतीवर लावायची प्रत साध्या कागदावर छापू देऊ नकोस, त्याचे तंतू सुटतात. क्लीनरूमचा कागद मागून घे. सूट उतरवण्याचा भाग तू अजून पाठवलेला नाहीस. हुड आणि सूटची पायरी दुरुस्त झाली की दोन्ही एकत्रच पाठव.