इन्क्युबेटर की अ‍ॅक्सिलरेटर? पऱ्हाटीच्या धंद्यातला माझा अनुभव

प्रश्न: "मी बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव यवतमाळ जिल्ह्यात. आम्ही दोघं मित्र कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणाऱ्या पऱ्हाटीपासून जळणाच्या कांड्या बनवायचं म्हणतोय. इन्क्युबेटर आणि अ‍ॅक्सिलरेटर यात नेमका फरक काय? ते देतात काय? आम्ही आधी कुठे अर्ज करावा?"

आधी इन्क्युबेटर, आणि तोही चालू प्रयोगशाळा असलेला. अ‍ॅक्सिलरेटरचा फॉर्म एक पूर्ण हंगाम माल विकून झाल्यावर भरा. मी आणि माझा भागीदार हाच धंदा करतो, दोन्हीकडे राहून आलो, आणि क्रम चुकल्यामुळे आमचं जवळपास वर्ष गेलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इन्क्युबेटर म्हणजे अंडी उबवायची पेटी. धंद्याला हा शब्द चिकटला त्यामागे एक खरी गोष्ट आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावात शेती अवजारांचा मोठा कारखाना बंद पडला होता. १९५९ मध्ये जोसेफ मॅन्कुसो यांनी त्या रिकाम्या इमारतीचे भाग करून लहान धंद्यांना भाड्याने दिले आणि सल्ला, कर्जाची ओळख अशी मदतही सुरू केली. सुरुवातीच्या भाडेकरूंमध्ये एक कोंबडीची पिल्लं उबवणारी कंपनी होती, त्यावरून हे नाव रूढ झालं. उबवणीला लागतो तेवढा वेळ लागतोच, पेटी फक्त ऊब सांभाळते. इन्क्युबेटरचं कामही तसंच आहे. वर्ष, दोन वर्षं तुम्हाला जागा, यंत्रं, जाणकार माणूस आणि सरकारी अनुदानापर्यंत जायची वाट मिळते.

अ‍ॅक्सिलरेटर बराच नंतर आला. २००५ मध्ये अमेरिकेत वाय कॉम्बिनेटर सुरू झालं आणि तीच पद्धत जगभर पसरली. ठरावीक तारखेला बॅच सुरू होते, साधारण तीन महिने चालते, सगळ्या कंपन्या एकत्र शिकतात आणि शेवटी 'डेमो डे'ला गुंतवणूकदारांसमोर उभ्या राहतात. बदल्यात कंपनीतला हिस्सा द्यावा लागतो. तिथे तुमची वस्तू चालते हे धरूनच बोलणं सुरू होतं. प्रश्न एवढाच असतो की विक्री वाढवायची कशी आणि किती लवकर.

आता आमचं काय झालं ते सांगतो. आम्ही सरळ अ‍ॅक्सिलरेटरला अर्ज केला, कारण तिथे पैसे पटकन मिळतात असं ऐकलं होतं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "गेल्या तीन महिन्यांत किती टन विकलं, आणि त्यातले किती गिऱ्हाईक परत आले?" आमच्याकडे अकरा पोती नमुना होता आणि त्यातली निम्मी फुटलेली. नकार आला आणि तो रास्त होता.

पऱ्हाटीच्या कांडीला वेगळा डिंक लागत नाही. लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य दाबाने आणि उष्णतेने मऊ होतं आणि तोच डिंक ठरतो. पण त्यासाठी भुशातला ओलावा साधारण ८ ते १२ टक्क्यांच्या आत हवा. जास्त असला की आत वाफ कोंडते आणि साच्यातून बाहेर येताना कांडी तडकते. आमच्या कांड्या फटाक्यासारख्या फुटत होत्या आणि आम्ही महिनाभर मशीनवाल्याशी भांडत होतो. शेजारचे काका एक दिवस कांडी हातात घेऊन म्हणाले, "पोट्टेहो, हे त भुगा होऊन राह्यलं. तुमची पऱ्हाटीच वाळली नाही." नंतर इन्क्युबेटरच्या प्रयोगशाळेत १०० ग्रॅम भुसा १०५ अंशांच्या भट्टीत वजन थांबेपर्यंत ठेवला. उरला ८१ ग्रॅम. ओलावा १९ टक्के. काकांनी डोळ्यांनी ओळखलं ते आकड्यात आलं आणि मशीन निर्दोष सुटली.

दुसरा दोषही तिथेच सापडला. आम्ही पऱ्हाटी मुळासकट उपटून आणत होतो. मुळांना चिकटलेली काळी माती साच्याला कानशीसारखी घासत होती, म्हणून साचा लवकर झिजून कांडीचा पृष्ठभाग खडबडीत येत होता. आता आम्ही मुळाचा भाग तोडून टाकतो. शिवाय तिथून मिळालेल्या उष्मांकाच्या चाचणी अहवालामुळे कारखान्याच्या बॉयलरवाल्याने आम्हाला पहिल्यांदा खुर्ची दिली. तोवर तो फाटकावरूनच परत पाठवायचा.

मात्र सगळ्याच इन्क्युबेटरमध्ये असं होत नाही. आम्ही पहिल्यांदा ज्या ठिकाणी दाखल झालो तिथे चकचकीत टेबलं, वायफाय आणि दर शनिवारी एक व्याख्यान होतं. प्रयोगशाळेला कुलूप, कारण तंत्रज्ञाचं पद रिकामं. सहा महिने गेले आणि हातात तीन सहभाग प्रमाणपत्रं आली. म्हणून सही करण्याआधी तिथे एखाद्या मंगळवारी दुपारी न सांगता जा. कोणतं यंत्र चालू आहे, ते चालवणारा माणूस जागेवर आहे का, ते बघा. आधीच्या तीन उद्योजकांचे फोन मागा आणि त्यांना एकच विचारा, "इथे तुमच्या मालात काय बदललं?" बक्षिसांची आणि कार्यक्रमांची यादीच ऐकू आली, तर समजून जा.

पैशाबद्दल. वस्तूचा पहिला नमुना बनवायला केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची 'निधी-प्रयास' योजना आहे. निवडक केंद्रांमार्फत १० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं, आणि कंपनी काढण्याआधी एकट्या माणसालाही अर्ज करता येतो. तुमच्या टप्प्याला हीच जुळते. २०२१ मध्ये 'स्टार्टअप इंडिया सीड फंड' आला. त्यात नमुना, चाचणी यांसाठी इन्क्युबेटरमार्फत २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा पुढे हिश्श्यात बदलता येणारे परिवर्तनीय रोखे अशी रचना ठरली. अर्ज करताना कंपनी सरकारकडे स्टार्टअप म्हणून नोंदलेली असावी आणि दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी, अशी अट होती. एकट्याच्या नावावरची प्रोप्रायटरशिप या नोंदणीत बसत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते. योजनांची मुदत आणि अटी बदलतात, तेव्हा इन्क्युबेटरच्या व्यवस्थापकाला चालू नियमावलीच मागा.

गावातल्या माणसाला सगळ्यात जास्त नडलेला नियम सांगतो. सीड फंडाच्या नियमावलीत लिहिलं होतं की हा पैसा कोणतीही सुविधा उभारायला वापरता येणार नाही. आमच्या डोक्यात पहिला खर्च शेडचाच होता, कारण पावसाळ्यात पऱ्हाटी झाकून ठेवली नाही तर सगळं मुसळ केरात. त्या शेडसाठी अनुदानाचा पैसा वापरता येणार नव्हता. दुसरं म्हणजे पैसा टप्प्याटप्प्याने येतो. ठरलेलं काम झालं, कागद दिले, की पुढचा हप्ता. इकडे शेतकरी मात्र पऱ्हाटी उचलताना रोख मागतो. त्यामुळे शेड आणि खरेदीचा पैसा वेगळा उभा करून ठेवा. आम्ही शेडचं काम भागीदाराच्या वडिलांच्या रिकाम्या गोठ्यात भागवलं.

आता हिश्श्याचं गणित. इन्क्युबेटर भाडं किंवा सेवाशुल्क घेतात, काही थोडा हिस्साही मागतात. करारात तो किती टक्के आणि कधीपासून, ते वाचा. अ‍ॅक्सिलरेटरमध्ये हिस्सा हीच किंमत असते. वाय कॉम्बिनेटरचा २०२२ पासूनचा जाहीर प्रस्ताव उदाहरणादाखल घ्या. त्यातल्या पहिल्या भागात सव्वा लाख डॉलरला ७ टक्के हिस्सा जातो. तुम्ही दोघांनी असे ७ टक्के दिले तर उरले ९३. पुढे दुसऱ्या गुंतवणूकदाराला २० टक्के दिले तर तुमचे ९३ चे ७४.४ झाले. तुम्ही दोघं निम्मे-निम्मे असाल तर प्रत्येकी ३७.२. पहिल्या वर्षी कागदावर ७ टक्के किरकोळ वाटतात, पण ते परत येत नाहीत. कांडी फुटत असताना ते देऊन टाकणं मला मोठी चूक वाटते.

आम्ही पुढे अ‍ॅक्सिलरेटर केला आणि त्याचा फायदा झाला, हेही सांगायला हवं. तोवर एका हंगामाची विक्री हातात होती. तिथे आम्हाला दर आठवड्याला गिऱ्हाइकांची यादी काढायला लावली आणि उत्तर आमच्या अंदाजाच्या उलट आलं. ढाबेवाले आवडीने माल घेत होते, पण उधारीवर आणि थोडाथोडा. एका ढाबेवाल्याने तर स्पष्ट विचारलं, "भाऊ, माल चांगला हाय, पण पावसाळ्यात देशीन का?" बॉयलरवाला भाव कमी द्यायचा, पण बारा महिने घ्यायचा आणि पैसे वेळेवर टाकायचा. आम्ही ढाबे कमी केले आणि दोन बॉयलर पक्के केले. हा निर्णय एकट्याने घ्यायला आम्हाला दोन वर्षं लागली असती.

पण आमची बॅच जुलै ते सप्टेंबर होती, म्हणजे पऱ्हाटी शेतात उभी आणि हातात जुना साठा. दर आठवड्याला विक्री वाढवा म्हणायचे, आणि वाढवायला मालच नव्हता. अ‍ॅप विकणाऱ्याला सगळे महिने सारखे, आपला धंदा कपाशीच्या हंगामाला बांधलेला. आपल्याकडे शेवटची वेचणी झाली की डिसेंबर-जानेवारीपासून पऱ्हाटी निघते. गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यालाही ती लवकर शेताबाहेर हवी असते, म्हणून कच्चा माल याच काळात स्वस्त पडतो. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर निवडताना बॅचच्या तारखा आधी बघा. डिसेंबरमध्ये सुरू होणारी बॅच तुमच्यासाठी सोन्याची.

तुमच्या जवळच विचारण्यासारखी ठिकाणं आहेत. पऱ्हाटीच्या पेलेट-ब्रिकेटवर, म्हणजे जळणाच्या गोळ्या-कांड्यांवर, काम केलेल्या सिरकॉट या केंद्रीय संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरला आहे. वर्ध्याला ग्रामीण उद्योगांवर काम करणारी एमगिरी आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. जाताना प्लॅनची फाइल नको, भुसा आणि फुटलेली कांडी न्या. माणूस कांडी हातात घेऊन ओलाव्याचं विचारू लागला तर त्याच्याकडे बसा.

आणि अर्ज लिहायच्या आधी या जानेवारीत एका एकराची पऱ्हाटी स्वतः उचलून बघा. तोडणी, वाहतूक, वाळवण, कुट्टी, प्रत्येकाचा खर्च आणि दिवस वहीत मांडा. मग कुठे अडता ते दिसेल. कांडी टिकत नसेल तर इन्क्युबेटर, टिकते पण गिऱ्हाईक परत येत नसेल तर गिऱ्हाइकाकडे जाऊन बसा, आणि गिऱ्हाईक मागतंय पण पुरवता येत नाही अशी वेळ आली की अ‍ॅक्सिलरेटरचा फॉर्म उघडा.