सिमल्यात केक मधोमध का खचतो आणि पाव का कोसळतो?

प्रश्न: पुण्यात वर्षानुवर्षे नीट होणारा माझा साधा लोण्याचा केक सिमल्यात बदली झाल्यापासून छान फुगतो आणि मग मधोमध खचतो. पावही एकदम वर येऊन बसतो. ओटीजी तोच, साहित्य तेच. प्रमाणात नेमके काय बदलायचे?

उत्तर: तुमच्या ओटीजीत किंवा साहित्यात दोष नाही, फरक हवेच्या दाबात आहे. सिमला समुद्रसपाटीपासून सुमारे 2,200 मीटर उंचीवर आहे आणि तिथला हवेचा दाब किनारपट्टीवरच्या दाबाच्या तीन चतुर्थांशाहून थोडासाच जास्त असतो. पुण्याशी तुलना केली, तर तेवढ्याच बेकिंग पावडरमधून निघालेला वायू सिमल्यात साधारण वीस टक्के जास्त जागा व्यापतो. दुसरीकडे, पाणी तिथे सुमारे 93 अंशांनाच उकळते, त्यामुळे केकचा ओला गाभा त्याहून फारसा तापू शकत नाही आणि त्यातले पाणीही भराभर उडून जाते. थोडक्यात, मिश्रण फुगते लवकर आणि घट्ट होते उशिरा. अंडी आणि मैद्यातला स्टार्च यांनी भिंती उभ्या करण्याआधीच बुडबुडे ताणून फुटतात आणि वर आलेला केक खाली बसतो.

म्हणून पहिला हात बेकिंग पावडरला लावावा. माझी बरीच वर्षे सिमला आणि लेह इथल्या स्वयंपाकघरांत गेली आहेत. तिथल्या अनुभवावरून सांगते, की बाकी काहीही न बदलता केवळ हे प्रमाण उतरवले तरी निम्मी तक्रार मिटते. तुम्ही तुमचे प्रमाण दिलेले नाही, म्हणून आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे एक प्रमाण घेते: 200 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम साखर, 120 ग्रॅम लोणी, 3 अंडी, 120 मिलिलिटर दूध आणि 2 चहाचे चमचे बेकिंग पावडर, 175 अंशांवर चाळीस मिनिटे. सिमल्यात यातली बेकिंग पावडर सव्वा चमचा करावी, दूध 160 मिलिलिटरपर्यंत वाढवावे, साखर 180 ग्रॅमवर आणावी आणि मैदा दोन मोठे चमचे जास्त घ्यावा. लोणी आणि अंडी आहेत तशीच राहू द्यावीत. ओटीजी 185 अंशांवर आधी नीट तापवून घ्यावा, म्हणजे केकची बाजू लवकर धरते, आणि बत्तिसाव्या मिनिटापासून सळई घालून पाहावे.

साखर कमी करण्याचे कारण गोडवा नव्हे. साखर पाणी धरून ठेवते आणि त्यामुळे स्टार्च फुगून घट्ट व्हायला जास्त उष्णता लागते; त्यात वर पाणी उडून गेल्यामुळे उरलेले मिश्रण आणखी गोड, आणखी दाट होते आणि गाभा धरायला अधिकच उशीर लागतो. दूध वाढवायचे ते या उडून जाणाऱ्या पाण्याची भरपाई म्हणून. दुधातले निम्मे दूध काढून त्याजागी ताक घातले तर अधिक चांगले, कारण आंबटपणामुळे अंड्यातली प्रथिने थोडी लवकर घट्ट होतात. अंडी मात्र फार फेटू नयेत. पुण्यात आपण अंडी फुलवून घेतो तो हवेचा साठा इथे उलट अंगावर येतो; पिवळे-पांढरे एकजीव झाले आणि थोडा फेस आला की थांबावे. भांडेही निम्मेच भरावे आणि त्याला लोणी-मैद्याचा हात सढळपणे फिरवावा, कारण उंचावर केक भांड्याला जास्त चिकटतो.

बिघाड कशामुळे झाला हे केक कापून पाहिले की बहुतेक वेळा कळते. वरच्या भागात मोठी, ओबडधोबड भोके आणि तळाशी ओलसर, दडस पट्टा असेल, आणि केक ओटीजीत असतानाच विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला खचला असेल, तर बेकिंग पावडर अजूनही जास्त आहे. आणखी पाव चमचा कमी करा. केक आत असताना ठीक होता आणि बाहेर काढल्यावर बसला, तर तो कच्चा राहिला आहे. तिथे प्रमाणाला हात न लावता पाच मिनिटे वाढवावीत. याउलट मधोमध डोंगर येऊन वर तडे गेले आणि तुकडा भुगा होऊन पडू लागला, तर तुम्ही दुरुस्ती जास्त केली आहे: जादाचा मैदा काढून टाका किंवा दूध आणखी एक मोठा चमचा वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने काय झाले ते समजणार नाही.

बिनअंड्याचा केक करत असाल तर जरा जास्त सावध राहावे लागते, कारण भिंत उभी करणारी अंडीच त्यात नसतात. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात मुळातच भरपूर साखर असते, म्हणून वरची साखर शक्यतो घालूच नये. सोडा दह्याबरोबर घालत असाल तर तो कमी करावा, दही मात्र तेवढेच ठेवावे.

आता पाव. यीस्टचा वायूही कमी दाबाखाली जास्त पसरतो, त्यामुळे कणीक ठरलेल्या वेळेच्या आधीच दुप्पट होते, चव मुरत नाही आणि ताणून पातळ झालेली जाळी ओटीजीत शिरताच कोसळते. 500 ग्रॅम मैद्याला पुण्यात 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि 310 मिलिलिटर पाणी घेत असाल, तर सिमल्यात 5 ग्रॅम यीस्ट आणि 330 मिलिलिटर पाणी घ्यावे. मीठ कमी करू नये, कारण यीस्टला आवर घालण्याचे काम तेच करते. कणीक एकदा फुगली की दाबून हवा काढावी, पुन्हा फुगू द्यावी आणि मगच भांड्यात घालावी. या दुसऱ्या फेरीने चव येते. भांड्यात घातल्यावर दुप्पट होण्याची वाट पाहू नये. पिठाचे बोट हळूच दाबावे: खळगा सावकाश अर्धा भरून आला तर पाव लगेच आत जावा, तसाच राहिला तर उशीर झाला आहे, तेव्हा पुन्हा मळून वळावा.

इथे हिवाळ्यात एक पेच पडतो. स्वयंपाकघर गार असल्यामुळे कणीक तासन्‌तास हलत नाही, आणि मग माणूस यीस्ट वाढवतो. तसे करू नये. बंद ओटीजीत कढत पाण्याची वाटी ठेवून त्याशेजारी कणीक ठेवावी, आणि घड्याळाकडे न पाहता बरणीवर खूण करून उंची पाहावी. पावसाळ्यात पीठ दमट असते, तेव्हा जादाचे 20 मिलिलिटर पाणी हाताशी राखून ठेवावे आणि कणीक मागेल तेवढेच घालावे. लेहची गोष्ट वेगळी: तिथली हवा बारा महिने इतकी कोरडी, की तेवढे पाणीही पुरत नाही, आणि 3,500 मीटरवर केकची बेकिंग पावडर निम्म्याहूनही खाली आणावी लागते. महाबळेश्वरला, म्हणजे साडेतेराशे मीटरच्या आसपास, दर चमच्यामागे एक अष्टमांश कमी केली तरी भागते.

थर्मामीटर वापरत असाल तर एवढे लक्षात ठेवा, की पावाचा गाभा 95 अंशांवर गेला की काढावा हा पुस्तकी नियम सिमल्यात लागू होत नाही. पाणी 93 अंशांनाच उकळते, त्यामुळे त्या आकड्याची वाट पाहाल तर पाव वाळून जाईल. ओटीजी 210 अंशांवर ठेवावा आणि गाभा 90-91 अंशांवर आला, तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, की पाव बाहेर काढावा. गार होताच तो फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावा, कारण कोरड्या हवेच्या महिन्यांत उघडा ठेवलेला पाव संध्याकाळपर्यंत टोस्टच्याच कामाचा उरतो.