रीडिंग गेलं की पंपाने काय करावं?

प्रश्न: "टाकीचा पंप ऑटोमॅटिक केलाय, लेव्हल सेन्सर वायफायवर आहे. अधूनमधून रीडिंग गायब होतं. अशा वेळी पंप चालू राहू द्यावा की बंद करावा? मॅन्युअल स्विच लागतोच का? आणि सेन्सर कुठला चांगला?"

बंद. आणि हो, स्विच लागतोच. एवढ्यावर थांबलो असतो, पण नेमक्या याच विषयावरून माझं आणि दादाचं वाजलंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी कंट्रोल पॅनेल बांधतो, दादा सॉफ्टवेअरमध्ये. त्याने घरच्या टाकीवर अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला आणि होम असिस्टंटमध्ये दोन नियम लिहिले: पातळी ३० टक्क्यांखाली गेली की पंप चालू, ९५ च्या वर गेली की बंद. मी तेव्हाच विचारलं, "पंप चालू असताना सेन्सर गेला तर?" म्हणे, "जाईल कशाला?"

गेला. पातळी चाळीसच्या आसपास असताना रात्री सेन्सरचं वायफाय तुटलं आणि आकड्याच्या जागी `unavailable` आलं. बंद करणाऱ्या नियमाला ९५ ओलांडणारा आकडा हवा होता. आकडाच येईना, त्यामुळे तो नियम सकाळपर्यंत गप्प. टाकी भरून वाहिली, पाणी जिन्यातून खाली आलं, खालची साठवण टाकी आटली आणि पंप कोरडा चालून त्याचं मेकॅनिकल सील जळालं. दादाचं निदान: सेन्सर भिकार निघाला.

सेन्सरचा काय दोष? सेन्सर जाणारच, ते गृहीत धरायचं असतं. गफलत नियमात होती. पंप थांबायला रीडिंग लागत होतं, पण चालू राहायला काहीच लागत नव्हतं. हे उलटं हवं. चालू राहण्यासाठी पंपाला सतत पुरावा मिळत राहिला पाहिजे. पुरावा थांबला की पंप आपोआप थांबला पाहिजे.

यावर दादाने काय केलं, तर मोबाइलवर नोटिफिकेशन. रात्री दोन वाजता सायलेंट मोबाइलवर येणारं नोटिफिकेशन ही कसली सेफ्टी? शिवाय दर पाच मिनिटांनी पातळी तपासणारा नवा नियम लिहिला. रीडिंग नसलं की लॉगमध्ये एरर यायच्या, त्या बंद करायला त्यात हे घातलं:

```yaml
- condition: template
  value_template: "{{ states('sensor.tank_level') | float(0) < 30 }}"
```

तो कंसातला शून्य बघा. रीडिंग नसेल तर शून्य धर, म्हणजेच टाकी रिकामी आहे असं समज. पुढच्या वेळी सेन्सर गेला तेव्हा टाकी जवळजवळ भरलेली असतानाही पंप स्वतःहून सुरू झाला. आधी तो नुसता थांबत नव्हता, आता सेन्सर गेला की चालूच व्हायला लागला. तिथे `float(100)` असतं तर निदान सुरू तरी झाला नसता. टाकी भरणाऱ्या पंपासाठी "माहीत नाही" म्हणजे "भरलेली" धरायचं. त्याहून बरं म्हणजे `unavailable` आणि `unknown` आल्यावर पंप बंद करणारा वेगळा, स्पष्ट नियम.

गायब झालेल्या रीडिंगपेक्षा गोठलेलं रीडिंग जास्त फसवतं. सेन्सर मेला, पण स्क्रीनवर ६२ टक्के तसेच. एमक्यूटीटी वापरत असाल तर सेन्सरला `expire_after` द्या. दर मिनिटाला रीडिंग येत असेल तर १८० सेकंद ठीक. दोन-तीन निरोप चुकले की तो आकडा बाद होतो. सेन्सर जिवंत असून तोच आकडा पाठवत बसला तर यानेही भागत नाही. म्हणून पंप चालू असताना पातळी वाढतेय का, तेही बघा. पाच मिनिटांत हलली नाही तर सेन्सर खोटं बोलतोय किंवा पंप पाणी उचलत नाहीये. दोन्हीत उत्तर एकच, बंद.

आता हे सगळं होम असिस्टंटमध्ये लिहिलंत आणि तोच बसला किंवा राउटर गेला तर? म्हणून शेवटची मर्यादा रिलेच्या आतच असू द्या. टाकी भरायला साधारण १८ मिनिटं लागत असतील तर २५ मिनिटांनी रिले स्वतः सुटला पाहिजे. वायफाय रिलेवर टॅस्मोटा हे फर्मवेअर असेल तर त्यात:

```
PulseTime1 1600
PowerOnState 0
```

१६०० म्हणजे १५०० सेकंद अधिक १००, तिथला हिशोबच तसा आहे. दुसरी ओळ म्हणजे वीज जाऊन आली तर रिले बंदच उठेल. यात एक मेख आहे. नियम दर पाच मिनिटांनी "चालू" पाठवत राहिला तर रिलेचं घड्याळ दर वेळी नव्याने सुरू होऊ शकतं, आणि मग मर्यादा नावालाच उरते. म्हणून पंप बंद असेल तेव्हाच "चालू" पाठवा. आणि वेळ संपून पंप थांबला असेल तर माणसाने येऊन मोकळं करेपर्यंत ऑटो अडकूनच राहू दे. नाहीतर पातळी अजून कमी दिसतेय म्हणून तोच नियम पंपाला पुन्हा सुरू करेल.

स्विचबद्दल. एकदा रीडिंग ९७ वर गोठलं होतं आणि टाकी खडखडीत. वहिनी पंप चालू करायची, पाच मिनिटांत ऑटो तो बंद करायचं. तिसऱ्यांदा तिने मॉड्यूलच प्लगमधून उपटलं. माझ्या मते त्या घरातला सगळ्यात शहाणा निर्णय. तीन जागांचा सिलेक्टर लावा: ऑटो, बंद, हात. "हात"वर वायफायचा रिले पूर्ण वगळला गेला पाहिजे, आणि सिलेक्टर त्या जागी आहे हे ऑटोला कळून त्याने हात आखडता घ्यायला हवा. पण टाकीतला फ्लोट स्विच मात्र "हात"वरही मध्येच राहिला पाहिजे. तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी सिरीजमध्ये जोडा, टाकी भरल्यावर संपर्क सुटेल असा. म्हणजे त्याची वायर तुटली तरी पॅनेलला टाकी भरलेलीच वाटते आणि पंप उठत नाही. दादा म्हणतो, फ्लोट म्हणजे जुनाट तंत्र. असेना का, त्याला फर्मवेअर अपडेट लागत नाही.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. "बंद म्हणजे सुरक्षित" हे टाकी भरणाऱ्या पंपापुरतं खरं. तळघरातलं पाणी उपसणारा पंप असेल तर रीडिंग गेल्यावर तो बंद ठेवलात तर तळघर बुडेल. तिथे ठरावीक वेळ चालवायचा, मध्ये थांबवायचा, आणि कोरडं चालण्यापासून वेगळं संरक्षण द्यायचं. "माहीत नाही म्हणजे भरलेलं" तिथेही चालतं, फक्त भरलेल्या खड्ड्यावर करायचं काम उलटं असतं. दुसरं, फ्लोटपाशी मेनचा करंट नेऊ नका. कॉइल २४ व्होल्टची घ्या आणि जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

सेन्सर कुठलाही घ्या. घेतल्यावर पंप चालू असताना त्याची वायर काढा, मग राउटर बंद करा, मग मेन उडवून परत आणा, आणि दर वेळी पंप काय करतो ते उभं राहून बघा. दादाला हे दोन दिवाळ्या सांगतोय. तो म्हणतो, आता नवीन सेन्सर लावलाय, गरज नाही.