टीव्हीचा रिमोट हरवलाय. फोनच रिमोट म्हणून वापरता येतो का? कोणतं ॲप घ्यावं?

ॲप कोणतं ते नंतर. आधी फोनची वरची कड बघा. तिथे चार्जिंगच्या भोकाहून लहान, काळपट काचेचा ठिपका असेल तर तुमचं काम झालं. नसेल तर प्ले स्टोअरवरची शंभर ॲप घातलीत तरी टीव्हीला इन्फ्रारेड, म्हणजे रिमोटचा न दिसणारा प्रकाश, जाणार नाही, कारण तो ठिपका म्हणजेच त्याचा दिवा आणि ॲप दिवा बनवू शकत नाही. हे साधं वाक्य माझ्या दाजींना पटायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

मी रेडमी घेतला तेव्हा ‘त्या भोकाचा उपयोग काय? आता सगळं वायफायवर चालतं’ असं ते चारचौघांत म्हणाले होते. त्यांचा फोन माझ्या तिप्पट किमतीचा आणि बिनभोकाचा. पुढच्याच दिवाळीत मिरजेला आईकडे रिमोट भाच्याच्या हातून पाण्याच्या बादलीत गेला. दाजींनी लगेच ॲप उतरवलं. ॲप टीव्ही शोधत बसलं आणि त्याला काही सापडेना. कारण घरचं राउटर महिन्यापूर्वीच बदललं होतं आणि टीव्ही अजून जुन्या वायफायचीच वाट बघत होता. त्याला नवं वायफाय सांगायचं तर रिमोट हवा आणि रिमोट तर बादलीत!

मग मी माझा फोन काढला. कंपनीचं रिमोट ॲप फोनमध्ये आधीपासून होतं. टीव्ही निवडला, ब्रँड निवडला, फोन रोखला आणि बटण दाबलं. ढिम्म. दाजी हसले. मी आईचा फोन घेऊन सेल्फी कॅमेरा सुरू केला आणि माझ्या फोनचा ठिपका त्याच्यासमोर धरून बटण दाबलं. डोळ्याला न दिसणारा हा प्रकाश कॅमेऱ्याला जांभळट लुकलुकताना दिसतो. (मागच्या कॅमेऱ्यात बहुधा तो गाळणारी काच असते, म्हणून सेल्फीचा वापरा.) काहीच लुकलुकलं नाही. दोष कव्हरचा निघाला: हौसेनं घेतलेल्या जाड कव्हरला वर भोकच नव्हतं. ते काढलं आणि ठिपका पेटला.

तरी टीव्ही गप्पच. पण आता फोन ठीक आहे आणि चूक कोडची आहे, एवढं नक्की झालं. एकाच ब्रँडचे टीव्ही वेगवेगळे कोड वापरतात, म्हणून ॲप एकेक संच पाठवून ‘टीव्हीने दाद दिली का?’ विचारतं. चौथ्याला टीव्ही सुरू झाला. इथे बहुतेक जण घाईने ‘हो’ दाबतात. मी होम दाबून पाहिलं, तर ते चालेना. पॉवरचा कोड जुळला म्हणजे बाकीचे जुळतातच असं नाही. सहाव्या संचात आवाज, होम आणि बाण सगळं चाललं. त्या बाणांनीच सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीला नव्या वायफायवर घेतलं. मग दाजींच्या ॲपला टीव्ही सापडला. ‘बघ, वायफायवर चाललंच की,’ असं ते म्हणाले. मी उत्तर दिलं नाही. आज देतोय: टीव्हीला वायफायवर आणलं कोणी, दाजी?

आता तुमच्या फोनला ठिपका नसेल तर. टीव्हीच्या खालच्या किंवा मागच्या कडेचं बटण दाबून तो सुरू करा. दुसऱ्या कोणाच्या फोनवर हॉटस्पॉट लावा आणि त्याला टीव्हीला आठवणाऱ्या वायफायचंच नाव आणि पासवर्ड द्या, इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांसकट. टीव्ही जुना असेल तर हॉटस्पॉट 2.4 GHz वर ठेवा. टीव्ही आपलंच घर समजून जोडला जातो. मग तुमचा फोनही त्याच हॉटस्पॉटवर घ्या. अँड्रॉइड टीव्ही असेल तर Google TV ॲपमधला रिमोट उघडा आणि टीव्हीवर दिसणारा कोड फोनमध्ये टाका. हे जमलं नाही तर टीव्हीच्या यूएसबीत कॉम्प्युटरचा माउस लावा. पुष्कळ स्मार्ट टीव्हींवर बाण उमटतो आणि सेटिंग उघडता येतं.

आणि हो, दाजींचंही थोडं बरोबर आहे. यूट्यूबवर काही शोधायचं असेल तर वायफायवाल्या ॲपमध्ये फोनच्या कीबोर्डवर टाइप करता येतं. माझ्या ठिपक्यानं एकेक अक्षरावर बाण न्यावा लागतो. सेट-टॉप बॉक्सही ॲपमध्ये वेगळा जोडावा लागतो, टीव्हीचा कोड त्याला कळत नाही. आणि काही स्टिकचे रिमोट ब्लूटूथवर चालतात. फायर टीव्ही स्टिकपुढे माझा ठिपका कितीही लुकलुकवा, ती ढिम्म हलणार नाही.

ॲपचं म्हणाल तर फोनसोबत आलेलं किंवा टीव्ही कंपनीचंच घ्या. रिमोट बनायला तुमचे कॉन्टॅक्ट मागणारं ॲप काढून टाका. दाजींचं तेच मागत होतं.